शिफ्टच्या नोटमध्ये 'थर पडला' वाचून पुढची शिफ्ट उलटं काम करते : किल्न, क्लिंकर आणि मिलचे शब्द मराठीत लिहिताना येणारा तोच तो प्रॉब्लेम

प्रॉब्लेम बहुतेक सिमेंट प्लांटमध्ये सारखाच आहे. सीसीआरमधला ऑपरेटर लॉग इंग्रजीत भरतो, तो आंध्रचा असतो किंवा राजस्थानचा, आणि खाली फील्डवर कूलर बघणारा, प्रीहीटरवर पोकिंग करणारा, मिल हाउसचा फिटर, कॉन्ट्रॅक्टची माणसं ही सगळी मराठी वाचणारी, निदान आमच्या चंद्रपूर-गडचांदूरच्या पट्ट्यात तरी. म्हणून शिफ्ट सुटताना फोरमन त्या लॉगवरून मराठीत एक हँडओव्हर नोट काढतो, घाईत, दहा मिनिटांत, आणि तिथंच घोळ होतो. नोट मराठीत असते, शब्द सगळ्यांना येतात, पण वाचणाऱ्याला भलतंच काही समजतं आणि मग सहा वाजता शिफ्ट बदलली की साडेसहाला घरी निघालेल्या माणसाला फोन, "दादा, थर पडला म्हणजे नक्की काय झालं?"

फोन आला तर बरंच म्हणायचं. फोन न करता कोणी आपल्या अंदाजानं काम सुरू केलं की नुकसान होतं.

हा घोळ आपल्याकडे होतोय की नाही हे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. शिफ्ट बदलल्यावर पहिल्या तासात आधीच्या शिफ्टला फोन जातात. पोकिंगची माणसं रॉड घेऊन प्रीहीटरवर चढतात आणि काम कूलरला असतं. कोणीतरी शेल कूलिंग फॅन बंद करतो, दुसरा येऊन चालू करतो. किंवा डायव्हर्टर गेट कुठल्या बाजूला आहे हे दुपारपर्यंत कोणालाच माहीत नसतं. यातलं काही होत असेल तर दोष माणसांच्या समजुतीत शोधण्याआधी नोट काढून वाचा.

खाली एक नोट देतो, अशा नोटा जशा लिहिल्या जातात तशीच:

"किल्नमध्ये थर पडला, फीड कमी केलं. कच्चा माल कूलरला आला होता. सिमेंट मिल २ भरली, रिजेक्ट वाढलं, बंद आहे. फॅन चालू ठेवणे."

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण प्रत्येक वाक्याचे दोन किंवा तीन अर्थ निघतात आणि त्यातले काही तर एकमेकांच्या उलट. एकेक घेऊ.

थर

सगळ्यात जास्त नुकसान करणारा शब्द हाच, म्हणून याच्यावर जरा जास्त लिहितो.

प्रीहीटरपासून कूलरपर्यंत माल चिकटून बसायच्या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत लिहिताना चारही 'थर' होतात. पहिली कोटिंग. बर्निंग झोनमध्ये मालाचं तापमान साधारण १४५० अंशांपर्यंत जातं, तिथं मालाचा जवळपास पाव भाग वितळलेला असतो, तो विटेवर चिकटतो आणि घट्ट होतो, साधारण वीतभर जाडीचं आवरण तयार होतं. हे आपल्याला हवंच असतं, विटा त्याच्यामुळेच टिकतात. दुसरी रिंग. किल्नच्या आतच, पण नको त्या जागी किंवा नको तेवढी जाड झालेली, आडव्या बांधासारखी, तिच्यामुळे माल मागं तुंबतो आणि हवेचा रस्ता अरुंद होतो. तिसरी बिल्ड-अप, ती किल्न इनलेटला, रायझरमध्ये किंवा खालच्या सायक्लोनच्या कोनमध्ये बसते, कारण सल्फर, अल्कली, क्लोरीन किल्नच्या गरम भागात वाफ होऊन मागं जातात आणि जरा थंड जागा मिळाली की मालासकट भिंतीवर बसतात. पेटकोक जास्त सल्फरचा आला की हा त्रास वाढतो हे फील्डवरच्या सगळ्यांना माहीत आहे. चौथा स्नोमॅन, तो कूलरमध्ये, किल्नच्या तोंडाखाली क्लिंकर चिकटत चिकटत उभा राहतो.

म्हणजे एक हवीहवीशी आणि तीन नको असलेल्या. आणि चौघांवरचे उपायही वेगळे.

त्यात भर म्हणजे 'पडला'. आपल्या मराठीत धुळीचा थर पडला म्हणजे थर साचला. आणि भिंतीचा गिलावा पडला म्हणजे निघून खाली आला. आता 'किल्नमध्ये थर पडला' हे वाचणाऱ्यानं कसं घ्यायचं? लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की बर्निंग झोनची कोटिंग सुटून खाली आली. वाचणाऱ्यानं घेतलं की रिंग जमली.

दोघांत फरक काय पडतो ते बघा. कोटिंग सुटली की त्या जागी वीट उघडी पडते, शेल स्कॅनरवर तेवढ्याच पट्ट्यात तापमान चढतं. चांगली कोटिंग असताना जिथं अडीचशे-तीनशे अंश दिसायचं तिथं साडेतीनशेच्या वर जायला लागतं, आणि सुटलेले मोठे तुकडे कूलरमध्ये येतात, पहिल्या चेंबरचं अंडरग्रेट प्रेशर वाढतं, क्लिंकर क्रशर धडपडतो, कधी अडकतो. इथं करायचं काम म्हणजे त्या जागेवर शेल कूलिंग फॅन लावून ठेवणं, फ्लेम त्या विटेवर लागणार नाही असं बघणं, फीड आणि इंधन स्थिर ठेवणं म्हणजे कोटिंग परत बसेल.

रिंग जमली तर चित्र वेगळं. रिंगच्या जागी शेल उलट थंड दिसतो, कारण आत जाड माल बसलाय. किल्नच्या आतला रस्ता अरुंद झाल्यामुळे इनलेटचा ड्राफ्ट वाढतो, म्हणजे सक्शन जास्त दिसतं, आणि माल रिंगमागं तुंबून मग लोंढ्यानं येतो. उपाय काय, तर रिंग तोडायची, त्यासाठी बर्नर आत-बाहेर करून फ्लेमची जागा बदलायची, तापमान वरखाली करून तिला तडा जाऊ द्यायचा. त्या ठिकाणी शेल फॅन चालू असेल तर लोक तो बंद करतात.

आता विचार करा, कोटिंग सुटलेल्या किल्नवर कोणी रिंग तोडायचे उपाय केले तर? उघड्या विटेसमोर फ्लेम हलवली, शेल फॅन बंद केला, तापमान वरखाली केलं. विटेला याच्यापेक्षा वाईट काही करता येणार नाही. सकाळी साडेतीनशे-चारशे दिसणारी जागा संध्याकाळी रेड स्पॉट होऊ शकते, आणि रेड स्पॉट झाला की किल्न थांबवावी लागते, थंड करावी लागते, विटा लावून परत हळूहळू तापवावी लागते. बरेच दिवस उत्पादन बंद.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, 'थर' हा शब्द किल्नच्या नोटमध्ये लिहायचाच नाही. कोटिंग, रिंग, बिल्ड-अप, स्नोमॅन हे शब्द फील्डवरचा प्रत्येक माणूस रोज तोंडानं बोलतो, त्यांना मराठी करायची गरज नाही, ते देवनागरीत लिहा आणि झालं. मराठी लागते ती पुढच्या भागाला, कुठं झालं आणि काय झालं. 'पडली' ऐवजी 'सुटली' किंवा 'निघाली', आणि जमण्यासाठी 'जमली' किंवा 'वाढली'. 'कोटिंग सुटली, १४ मीटरला' एवढं लिहिलं की कोणीही रिंग समजणार नाही. मीटर मात्र कुठून मोजलेत ते एकदा ठरवून घ्या, बहुतेक ठिकाणी आउटलेटकडून म्हणजे बर्नरच्या बाजूनं मोजतात पण मेकॅनिकलवाल्यांना टायरच्या नंबरानं बोलायची सवय असते, मग 'टायर १ आणि २ च्या मध्ये' हेही जोडा.

बिल्ड-अपच्या बाबतीत अजून एक गोष्ट नोटमध्ये पाहिजेच, ती सुरक्षिततेची. रायझर अरुंद झाला की त्याच्या खालचा ड्राफ्ट पडतो आणि वरचा वाढतो, यावरून सीसीआरला कळतं, आणि मग पोकिंग सुरू होतं. पोकिंग अर्धवट सोडून शिफ्ट सुटली तर कुठलं होल उघडं आहे, एअर ब्लास्टर आयसोलेट केलेत का परत चालू केलेत, परमिट कोणाच्या नावावर आहे, हे लिहिल्याशिवाय नोट पूर्ण होत नाही. सायक्लोन जाम असताना आत आठशे अंशांच्या वरचा हॉट मील असतो आणि तो सुटला की पाण्यासारखा वाहतो, त्याच्या वाटेत माणूस नको. 'पोकिंग चालू आहे' एवढ्या तीन शब्दांवर दुसऱ्या माणसानं तिथं जाऊन उभं राहावं अशी अपेक्षा करणं बरोबर नाही.

कच्चा माल

नोटमधलं दुसरं वाक्य, 'कच्चा माल कूलरला आला होता'. लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते किल्नवाल्याला लगेच कळतं. कोटिंगचा मोठा तुकडा बर्निंग झोनमध्ये आला की तो तिथली उष्णता खातो, झोन थंड पडतो, मागून येणारा माल नीट भाजला जात नाही आणि तोच कूलरमध्ये लोटला जातो. हूडमधून बघितलं तर आत धूळ, काळपट, काही दिसत नाही, आणि कूलरमध्ये गोळीऐवजी लालभडक पावडर. पण कच्चा माल म्हटलं की बाकी सगळ्या जगाला चुनखडी, लॅटराइट, जिप्सम हे डोळ्यासमोर येतं. नवीन माणूस असेल तर तो रॉ मिलला नाहीतर स्टॅकर-रिक्लेमरला फोन लावतो.

इथं खरी माहिती कच्चा म्हणजे काय यापेक्षा गेटची आहे. न भाजलेला क्लिंकर आला की तो मेन सायलोत न सोडता अंडरबर्न सायलोकडे वळवतात, डायव्हर्टर गेट फिरवून. मग किल्न सावरते, लॅबचा फ्री लाइम खाली येतो, आणि गेट परत फिरवायचं असतं. नोटमध्ये गेटचं काही लिहिलं नसेल तर दोन गोष्टी होतात. एक, गेट तसंच राहतं आणि चांगला क्लिंकर तासन्‌तास अंडरबर्नमध्ये जातो, तो सायलो लहान असतो, भरून जातो. दोन, कोणीतरी समजतं की सगळं ठीक आहे, गेट लवकर फिरवतं आणि कच्चा क्लिंकर मेन सायलोत जातो. तो काही तासांनी नाहीतर दुसऱ्या दिवशी सिमेंट मिलला येतो, आणि तोपर्यंत त्या नोटचा कोणाला पत्ताही नसतो. फ्री लाइम जास्त असलेला क्लिंकर सिमेंटमध्ये गेला की सिमेंट घट्ट झाल्यावर फुगतं, आयएस २६९ मध्ये ला-शातेलिए चाचणीत १० मिलिमीटरच्या वर प्रसरण चालत नाही ते यासाठीच.

म्हणून लिहायचं असं : 'अंडरबर्न क्लिंकर आला, ३:१० ते ४:४०, गेट अंडरबर्न सायलोकडे, अजून तिकडेच आहे, फ्री लाइमचे सलग दोन रिझल्ट १.५ च्या खाली आले की फिरवा.' आकडा तुमच्या क्वालिटीवाल्यांनी ठरवलेला घाला, प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा असतो, बऱ्याच ठिकाणी १ ते १.५ टक्क्यांच्या आसपास टार्गेट असतं. मराठीतच लिहायचा आग्रह असेल तर 'कमी भाजलेला क्लिंकर' लिहा, तो कोणालाही कळतो, पण 'कच्चा' आणि 'माल' हे दोन शब्द शेजारी येऊ देऊ नका. फ्री लाइमला 'मुक्त चुना' लिहिलेलं मी बघितलंय, शाळेच्या पुस्तकाला ते ठीक आहे, लॅबच्या स्लिपवर मात्र फ्री लाइम छापलेलं असतं आणि नोट वाचणारा ती स्लिप घेऊन ताडून बघतो, तेव्हा दोन्हीकडे एकच शब्द पाहिजे.

भरली, रिजेक्ट, वाढलं

आता मिलकडे. 'सिमेंट मिल २ भरली' याचे मी तीन अर्थ लावलेले ऐकलेत. मिल ओव्हरफुल झाली, म्हणजे आत माल जास्त झाला. मिलमध्ये बॉल चार्ज भरला, म्हणजे मेकॅनिकलनं ग्राइंडिंग मीडिया टाकला. आणि मिलचा हॉपर भरला. पहिला धोक्याचा, दुसरा कामाचा, तिसरा रोजचा.

बॉल मिल खरंच ओव्हरफुल झाली असेल तर आवाजावरून कळतं, एरवी बॉलचा खणखणीत आवाज असतो तो दबका होतो, मेन मोटरचे किलोवॅट वाढायच्या ऐवजी उतरतात, आउटलेटला माल येईनासा होतो म्हणून बकेट एलिव्हेटरचा करंटही खाली येतो. नवीन माणूस इथं फसतो, त्याला वाटतं करंट कमी म्हणजे मिल रिकामी, अजून फीड द्या. म्हणून नोटमध्ये लक्षण लिहिणं जास्त कामाचं : 'मिल २ ओव्हरफुल, आवाज दबका, एलिव्हेटर करंट उतरला, फीड बंद करून नुसती फिरवली, आवाज अजून मोकळा झाला नाही'. हे वाचून येणाऱ्याला कळतं की फीड लगेच सुरू करायचं नाही.

'रिजेक्ट वाढलं' हा अजून एक. सेपरेटरमधून जाड माल परत मिलच्या तोंडाशी जातो त्याला सगळे रिजेक्ट म्हणतात. तो खराब माल नाही, फक्त अजून दळायचा राहिलेला आहे. पण नोटमध्ये 'नाकारलेला माल' किंवा 'खराब माल वाढला' लिहिलं की पॅकिंगवाल्यांपर्यंत बातमी जाते की सिमेंट खराब निघतंय, लोडिंग थांबवायचं का म्हणून विचारणा सुरू होते. रिजेक्ट रिजेक्टच लिहा, हवं तर 'सेपरेटरचा परत येणारा माल' असं एकदा लिहा.

आणि 'वाढलं' हा शब्द बारीकपणाच्या बाबतीत उलटसुलट जातो. ब्लेन वाढला म्हणजे सिमेंट बारीक झालं. रेसिड्यू वाढला म्हणजे सिमेंट जाड झालं. नोटमध्ये नुसतं 'रिझल्ट वाढला' असेल तर सेपरेटरचा स्पीड वाढवायचा की कमी करायचा? ब्लेनची खालची मर्यादा आयएसमध्ये दिलेली आहे, ओपीसीला २२५ आणि पीपीसीला ३०० चौरस मीटर प्रति किलो, प्लांट त्याच्या बऱ्याच वर चालवतात. तेव्हा ३५० वरून ३३० ला आला तरी नियमात बसतं, पण प्लांटचं टार्गेट चुकतं. वाचणाऱ्याला आकडा आणि दिशा दोन्ही द्या : 'ब्लेन ३५० वरून ३३० ला उतरला, सिमेंट जाड येतंय, सेपरेटर स्पीड थोडा वाढवला, सहाचं सॅम्पल बघा'. जाड आणि बारीक हे शब्द आपल्याकडे पीठ दळताना वापरतात तेच आहेत, त्यात कोणाचा गोंधळ होत नाही, ते हक्कानं वापरा.

एक गंमत नाही, खरंच लक्षात ठेवायची गोष्ट आहे : कोटिंग हा शब्द मिलमध्येही येतो. बॉलवर आणि लायनरवर सिमेंटचा लेप बसतो, मिल जास्त गरम झाली की हे होतं, दळणं मंदावतं. किल्नमध्ये कोटिंग हवी आणि मिलमध्ये नको. म्हणून मिलसाठी 'बॉल कोटिंग' असं पूर्ण लिहा, नाहीतर 'कोटिंग चांगली आहे' हे वाक्य चुकीच्या खात्याला जातं.

बंद

शेवटचा शब्द सगळ्यात साधा दिसतो. 'बंद आहे.' मिल बंद आहे म्हणजे ट्रिप झाली? ऑपरेटरनं थांबवली? की आत माणसं काम करतायत, लॉक लावलंय आणि परमिट चालू आहे? पहिल्या दोन्हींत कारण बघून चालू करता येते, तिसऱ्यात हात लावायचा नसतो. इतका मोठा फरक एका शब्दावर सोडायचा नाही.

किल्नला तर अजून बारकाईनं लिहावं लागतं. फीड बंद पण किल्न फिरतेय, ही एक अवस्था. मेन ड्राइव्ह बंद आणि बॅरिंगवर फिरतेय, म्हणजे ऑक्झिलरी ड्राइव्हनं मधून मधून थोडी फिरवतायत, ही दुसरी. पूर्ण थांबलेली आणि लॉक केलेली, ही तिसरी. गरम किल्न एका जागी थांबून राहिली तर आतला गरम माल खाली एका बाजूला पडून राहतो, शेल एका बाजूनं जास्त तापतो आणि वाकतो, आणि वाकलेला शेल सरळ व्हायला नशीब लागतं. पाऊस आला तर वरची बाजू अजून लवकर थंड होते म्हणून पावसात बॅरिंग जास्त वेळा किंवा सलग चालवतात. पावसाळ्यातल्या रात्री 'किल्न बंद' एवढंच लिहून शिफ्ट सोडली आणि येणाऱ्यानं ते पूर्ण थांबलेली असं घेतलं, बॅरिंगचा एक टर्न राहून गेला, तर त्याची किंमत मेकॅनिकलला महिनोन्‌महिने टायर आणि रोलरवर दिसते. तेव्हा नोटमध्ये लिहा : 'किल्न बॅरिंगवर, शेवटचा पाव टर्न ५:३०, पुढचा ५:४५, पाऊस आला तर सलग'. मिनिटं तुमच्या प्लांटच्या चार्टप्रमाणे.

आणि 'फॅन चालू ठेवणे'. कुठला फॅन? प्लांटमध्ये आयडी फॅन, कूलर फॅन, शेल कूलिंग फॅन, मिल फॅन. नाव लिहा, आणि का चालू ठेवायचा ते चार शब्दांत लिहा. कारण लिहिलेलं असलं की माणूस तो फॅन बंद करताना थबकतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

मग तीच नोट अशी होते :

"किल्न : ३:०० ला बर्निंग झोनची कोटिंग सुटली, १४ ते १६ मीटर, टायर १ आणि २ च्या मध्ये. शेल ३८० पर्यंत गेला होता, आता ३६०. रेड स्पॉट नाही. शेल कूलिंग फॅन ३ आणि ४ त्याच जागेवर लावलेत, ३०० च्या खाली येईपर्यंत बंद करू नका. बर्नर हलवू नका. फीड २६० वरून २१० टन तासाला केलं, अजून वाढवलेलं नाही.

कूलर : कोटिंगचे मोठे तुकडे आले, क्रशर एकदा अडकला, काढला. ३:१० ते ४:४० अंडरबर्न क्लिंकर. डायव्हर्टर गेट अंडरबर्न सायलोकडे आहे. फ्री लाइम ४:०० ला ३.२, ५:०० ला १.८. सलग दोन रिझल्ट १.५ च्या खाली आले की क्वालिटीला विचारून फिरवा.

सिमेंट मिल २ : ४:५० ला ओव्हरफुल, रिजेक्ट वाढत गेलं, मग आवाज दबका. फीड काढून फिरवली, ५:२० ला ऑपरेटरनं थांबवली. आत कोणी नाही, लॉक नाही, परमिट नाही. चालू करताना फीड कमीपासून. मिल फॅन चालू आहे, आतली धूळ खेचायला."

नोट लांबली हे खरं आहे. पण लिहायला पाच मिनिटं जास्त लागतात आणि वाचायला एक. आणि यात बघा, जड मराठी शब्द एकही नाही. यंत्राची, मालाची, चाचणीची नावं प्लांटमध्ये बोलतात तीच, आणि काय झालं, कुठं झालं, आता काय अवस्था आहे, काय करायचं आणि काय करायचं नाही हे साध्या मराठीत.

काही जण म्हणतात की मग मराठी कशाला, इंग्रजी लॉगच चिकटवा. ते मला पटत नाही. इंग्रजी लॉगमध्ये आकडे असतात, 'बर्नर हलवू नका' हे वाक्य तिथं नसतं, आणि फील्डवरचा माणूस जे वाचू शकत नाही ते तो सांगोवांगी घेतो, त्यात अजून गळती. उलट दुसऱ्या टोकाचे लोक किल्नला भट्टी, क्लिंकरला 'भाजलेली गुठळी', सायक्लोनला 'चक्रीवादळ' असं काही करायला बघतात. भट्टी म्हटलं तर हॉट एअर जनरेटरलाही लोक भट्टीच म्हणतात, आणि बातम्यांतलं चक्रीवादळ सायक्लोनवर लिहिलं तर पोकिंगवाल्याला कुठं जायचं ते कळणार नाही.

नोट बरोबर झाली की नाही हे तपासायला मला एकच पद्धत उपयोगी वाटते. शिफ्ट सुटायच्या आधी येणाऱ्या शिफ्टच्या फील्डवरच्या माणसाला, शक्यतो सगळ्यात नवीन असेल त्याला, नोट वाचायला द्या आणि विचारा, तू आता पहिल्यांदा कुठं जाशील, हातात काय घेऊन जाशील आणि कशाला हात लावणार नाहीस. समजलं का असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. तो प्रीहीटरकडे बोट दाखवत असेल आणि काम टायर १ जवळ असेल तर त्याच क्षणी ते वाक्य खोडून नव्यानं लिहा, तो कुठल्या शब्दावर घसरला ते त्यालाच विचारून. असे घसरलेले शब्द एका कागदावर जमा करून शिफ्ट रूममध्ये लावले, म्हणजे डाव्या बाजूला 'असं लिहू नका' आणि उजव्या बाजूला 'असं लिहा', तर पुढचा फोरमन तिथूनच उचलतो. आमच्या यादीत वर पहिला 'थर' आहे, मग 'बंद', 'कच्चा माल', 'भरली', 'वाढलं', 'फॅन'. तुमच्याकडे हॉट गॅस डक्ट, बॅग फिल्टर, व्हीआरएम यांचे अजून असतील. व्हीआरएमचं 'व्हायब्रेशन आलं' हे तर मी वेगळंच घेईन, कारण तिथं मटेरियल बेड पातळ झाल्यामुळे आलेलं, लोखंडाचा तुकडा आत गेल्यामुळे आलेलं आणि डॅम रिंगमुळे आलेलं ही तिन्ही एकाच शब्दात लिहिली जातात आणि तिन्हींसाठी वेगळी माणसं बोलवावी लागतात.